अर्जाच्या पहिल्या दोन ओळी



शिकलेली मुले-मुली घरी बसून कॉम्प्युटरवर काम मिळवतात, ते कसे, अशी विचारणा करणारी पत्रे अलीकडे बरीच येतात. त्यांपैकी बऱ्याच पत्रांत एक तक्रार सारखीच आहे. "मुलगा रोज अर्ज टाकतो, पण कोणी उत्तरच देत नाही." आजचा मजकूर या एकाच तक्रारीवर आहे. काम कोणते शिकावे, लॅपटॉप कोणता घ्यावा, हे विषय आज बाजूला ठेवू. काम येते, जाहिरात समोर आहे, आता अर्ज कसा लिहायचा, तेवढेच पाहू.

आधी हा बाजार कसा चालतो ते थोडक्यात सांगतो, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना ते ठाऊक असले म्हणजे मुलांची अडचण समजते. इंटरनेटवर काम देणारे आणि काम करणारे यांची गाठ घालून देणाऱ्या पेढ्या आहेत. त्यांतली एक मोठी पेढी म्हणजे अपवर्क. ईलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या पेढ्या एकत्र आल्या आणि 2015 साली त्यांना हे नाव मिळाले. काम देणारा तेथे जाहिरात लावतो. काम करणारे तिच्याखाली आपला अर्ज टाकतात. या अर्जाला तेथे प्रपोजल म्हणतात. हा अर्ज फुकट नसतो. त्यासाठी 'कनेक्ट' नावाची तिकिटे खर्च होतात, आणि हाताशी असलेली संपली की ती विकत घ्यावी लागतात. कोणत्या कामाला किती तिकिटे लागतील ते जाहिरातीवरच लिहिलेले असते. म्हणजे दिसेल त्या जाहिरातीला अर्ज टाकणे हे वाफसा न पाहता पेरणी करण्यासारखे आहे. बी जाते आणि उगवत काहीच नाही.

काम देणाऱ्याला काय दिसते

आमच्या मंडळातील एका शेतकऱ्याची मुलगी बी. एस्सी. अ‍ॅग्री झाली आहे. इंग्रजी बरे आहे, मराठी तर घरचेच. इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामे मिळवावीत असा तिचा विचार. तिने सव्वीस अर्ज टाकले आणि एकालाही उत्तर आले नाही. वडील मला म्हणाले, "साहेब, पोरगी हुशार आहे, पण हिचं नशीब आडवं येतंय." मी तिला म्हटले, "बाई, नशिबाचे नंतर बघू. आधी ते अर्ज छापून आण."

सव्वीसही अर्ज एकाच साच्यातले होते. सुरुवात अशी: "आदरणीय महोदय, मी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेली कृषी पदवीधर असून अत्यंत मेहनती व प्रामाणिक आहे. आपली जाहिरात मी काळजीपूर्वक वाचली असून या कामात मला फार रस आहे."

यात खोटे काही नाही. सरकारी नोकरीच्या अर्जात ही भाषा खपूनही जाईल. पण येथे अर्ज कसा वाचला जातो ते पाहा. काम देणाऱ्यासमोर सगळे अर्ज एका यादीत येतात. प्रत्येकाचे नाव, फोटो, मागितलेला दर आणि अर्जाच्या पहिल्या दोन-तीन ओळी त्या यादीत दिसतात. पूर्ण अर्ज वाचायचा तर त्यावर बोट दाबून तो उघडावा लागतो. वीस-तीस अर्ज आले असले तर माणूस सगळे उघडत नाही. पहिल्या ओळी वाचून चार-पाच उघडतो आणि बाकीचे तसेच राहतात.

आता तिच्या पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचा. श्रेणी, मेहनत, प्रामाणिकपणा. शेजारच्या अर्जातही हेच असते. "जाहिरात काळजीपूर्वक वाचली" हे वाक्य तर न वाचणारासुद्धा लिहितो. तेव्हा त्या वाक्याने वाचल्याचा काही पुरावा मिळत नाही. त्या जाहिरातीत होती अशी एखादी नेमकी गोष्ट, तिच्यावर आपण विचार केला आहे असे दिसले, तरच तो पुरावा.

जाहिरात कशी वाचावी

तिच्यासमोर तेव्हा एक नवी जाहिरात होती. ओळख पटू नये म्हणून तिचे तपशील थोडे बदलून येथे देतो. मूळ जाहिरात इंग्रजीत होती, तिचा मराठी मतलब असा:

"आम्ही लहान शेतीसाठी ठिबक सिंचनाचे संच तयार करतो. आमची इंग्रजी पुस्तिका मराठीत करून हवी आहे. सुमारे 6000 शब्द, वर्ड फाइल. महाराष्ट्रातील शेतकरी ती वापरतील. मागील भाषांतर बरोबर होते, पण शेतकऱ्यांना ते समजत नाही असे आमचे विक्रेते सांगतात. चित्रांतील भागांचे क्रमांक बदलू नयेत. दहा दिवसांत काम हवे. एकूण 200 डॉलर. नमुन्याचे एक पान सोबत जोडले आहे. भागांची नावे तुम्ही कशी हाताळाल ते लिहा. अर्जाची सुरुवात 'व्हॉल्व्ह' या शब्दाने करा."

मी तिला विचारले, "यात महत्त्वाचे वाक्य कोणते?"

ती म्हणाली, "सहा हजार शब्द आणि दहा दिवस."

"ते काम झाले. त्याचे दुखणे कोणत्या वाक्यात आहे?"

तिने पुन्हा वाचले. मग म्हणाली, "काका, मागचं भाषांतर बरोबर होतं पण समजत नाही, हे."

तेच ते वाक्य. या माणसाने एकदा पैसे खर्च केले आहेत आणि ते वाया गेले आहेत. पुन्हा तसेच होईल ही त्याची धास्ती आहे. जाहिरातीत हवे-नको पुष्कळ असते, पण दुखणे बहुधा एखाद्याच वाक्यात असते. 'मागील वेळी', 'यापूर्वी', 'कृपया असे करू नका', 'फक्त यांनीच अर्ज करावा' अशा शब्दांच्या आसपास ते सापडते. जाहिरात कागदावर उतरवून घ्यावी, त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि अर्जाची सुरुवात तेथून करावी.

दुसरी गोष्ट, जाहिरातीत जे करून दाखवायला सांगितले आहे त्यावर गोल करावा. येथे दोन गोष्टी सांगितल्या होत्या. भागांच्या नावांचे काय कराल ते लिहायचे, आणि सुरुवात 'व्हॉल्व्ह' शब्दाने करायची. हा शब्द म्हणजे चाळणी आहे. काम देणारे पुष्कळदा असा एखादा शब्द जाहिरातीच्या तळाशी मुद्दाम टाकतात. ज्याच्या अर्जात तो नाही, त्याने जाहिरात शेवटपर्यंत वाचली नाही हे त्यांना लगेच कळते. तो शब्द सांगितला असेल तेथेच, जसाच्या तसा लिहावा. त्याचे स्पष्टीकरण करत बसू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे जोडपत्र. या जाहिरातीला नमुन्याचे एक पान जोडलेले होते आणि मुलीने ते उघडलेच नव्हते. आम्ही उघडले. फिल्टर आणि लॅटरल धुण्याचे पान होते. त्यात एक वाक्य असे होते की लॅटरलमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी सोडावे. दुसरे वाक्य अ‍ॅसिड प्रक्रियेचे होते: अ‍ॅसिड नेहमी पाण्यात घालावे, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीही घालू नये.

ठिबक वापरणाऱ्यांना हे माहीत असेल. क्षारांनी ड्रीपर तुंबले म्हणजे अ‍ॅसिड सोडतात. तीव्र अ‍ॅसिडवर पाणी ओतले तर एकदम उष्णता होऊन ते अंगावर उडते. म्हणून हा क्रम पाळायचा असतो. भाषांतरात हा क्रम उलटा झाला, किंवा वाक्य इतके अवघड झाले की वाचणाऱ्याने सोडून दिले, तर एखाद्याच्या डोळ्यावर बेतेल. तेव्हा या कामात खरी जोखीम कोठे आहे ते त्या पानाने दाखवून दिले. जोडपत्र उघडले नसते तर हे कळले नसते.

आणखी एक गोष्ट मुलीच्याच नजरेला आली. पानावरच्या चित्रात एका नळीला 'लॅटरल' म्हटले होते आणि खालच्या मजकुरात तिलाच 'ड्रिप लाइन' म्हटल्यासारखे दिसत होते. मी म्हटले, "हे जपून ठेव. अर्जाच्या शेवटी लागेल."

पहिल्या ओळी

आता सुरुवात लिहायची. तिचा पहिला प्रयत्न असा होता: "व्हॉल्व्ह. आपल्याला ठिबक सिंचनाच्या 6000 शब्दांच्या पुस्तिकेचे दहा दिवसांत मराठी भाषांतर हवे आहे असे मी वाचले."

हे आधीपेक्षा बरे, पण पुरेसे नाही. काम देणाऱ्याचीच वाक्ये त्याला परत वाचून दाखवली. पुष्कळ मुले येथे फसतात. जाहिरातीतले शब्द उतरवले म्हणजे वाचल्याचे सिद्ध झाले असे त्यांना वाटते. पण त्या माणसाला त्याची पुस्तिका किती शब्दांची आहे हे ठाऊकच आहे. त्याला ठाऊक नसलेली, किंवा ठाऊक असून सोडवता न आलेली गोष्ट पहिल्या ओळीत यायला हवी.

मी तिला विचारले, "तुझे वडील दुकानात गेले की काय मागतात?"

"लॅटरल. नाहीतर ड्रीपर."

"आणि पुस्तकात काय लिहितात?"

ती हसली. "पार्श्वनलिका, उत्सर्जक."

"मग हेच त्याला लिही."

शेवटी तिने लिहिलेली सुरुवात अशी झाली: "व्हॉल्व्ह. मागील भाषांतर बहुधा भागांच्या नावांवर अडले असावे. शेतकरी दुकानात 'लॅटरल' आणि 'ड्रीपर' मागतो, आणि पुस्तकात त्यालाच 'पार्श्वनलिका' आणि 'उत्सर्जक' म्हटलेले असते."

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, 'मी' हा शब्द अजून आलेला नाही. सारे बोलणे त्याच्या अडचणीचे आहे. दोन, 'बहुधा' हा शब्द जाणून घातला आहे. मागील भाषांतर तिने पाहिलेले नाही, तेव्हा ठासून सांगणे योग्य नव्हते. न पाहिलेल्या गोष्टीवर छातीठोक बोलणारा माणूस जाणत्याच्या नजरेतून लगेच उतरतो. तीन, ही ओळ दुसऱ्या कोणत्याही जाहिरातीला लावता येणार नाही. हीच पहिल्या ओळीची कसोटी समजावी. आपली ओळ घ्यावी आणि कालच्या जाहिरातीखाली ठेवून पाहावी. तेथेही ती बसत असेल तर खोडून टाकावी. "मी मेहनती आहे" ही ओळ सगळीकडे बसते, म्हणून ती कोठेच उपयोगी पडत नाही.

पुढचा अर्ज

पहिल्या ओळींमुळे अर्ज उघडला जातो. काम मिळायचे ते पुढच्या मजकुरामुळे. त्याचा क्रम आम्ही असा लावला: काम कसे करणार, त्याचा लहानसा पुरावा, दिवस आणि पैसे, एक प्रश्न. पदवी आणि ओळख मधे एका ओळीत. पूर्ण अर्ज इंग्रजीत होता. त्याचा मराठी मतलब देतो. नमुन्याची वाक्ये मात्र मूळ अर्जातही मराठीतच होती.

"व्हॉल्व्ह. मागील भाषांतर बहुधा भागांच्या नावांवर अडले असावे. शेतकरी दुकानात 'लॅटरल' आणि 'ड्रीपर' मागतो, आणि पुस्तकात त्यालाच 'पार्श्वनलिका' आणि 'उत्सर्जक' म्हटलेले असते.

मी आधी सर्व भागांच्या नावांची एक यादी करीन: तुमचा चित्र-क्रमांक, इंग्रजी नाव, दुकानात चालणारे मराठी नाव. ती तुम्ही विक्रेत्यांना दाखवावी. त्यांनी होकार दिला की तेच शब्द पुस्तिकेत सगळीकडे वापरीन.

तुमच्या नमुना पानातील दोन वाक्ये अशी होतील:
'लॅटरलमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी सोडा.'
'अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओता. अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीही ओतू नका.'
दुसऱ्या वाक्याची मी दोन वाक्ये केली आहेत, म्हणजे धोक्याची सूचना वेगळी उठून दिसेल.

मी कृषी पदवीधर आहे आणि आमच्या घरच्या शेतात ठिबक आहे. मजकूर तयार झाल्यावर तो मी दोन शेतकऱ्यांना वाचून दाखवीन आणि जेथे ते अडतील ती वाक्ये दुरुस्त करीन.

भाषांतर सहा दिवस, वाचून दाखवणे व दुरुस्ती एक दिवस, क्रमांक ताडून पाहणे एक दिवस, असे आठ दिवस. दोन दिवस तुमच्या सूचनांसाठी. एकूण 200 डॉलर. हवे तर प्रथम देखभालीचे प्रकरण 50 डॉलरमध्ये करून देईन. ते पसंत पडले तर बाकीचे 150 डॉलरमध्ये.

एक प्रश्न: नमुना पानावर चित्रात 'लॅटरल' आणि मजकुरात 'ड्रिप लाइन' असे शब्द आहेत. दोन्ही एकच भाग ना? तसे असेल तर मराठीत एकच शब्द ठेवते."

अर्ज येथे संपला. शेवटी "आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे" असे काही नाही. प्रश्न विचारला आहे, आणि त्याचे उत्तर द्यायचे तर त्याला लिहावेच लागेल.

पुराव्याबद्दल दोन शब्द. नवख्या मुलाजवळ आधीच्या कामांची यादी नसते आणि तेथेच त्याचा धीर सुटतो. पण जाहिरातीतलाच लहान तुकडा करून दाखवला तर तो जुन्या कामापेक्षा जास्त बोलतो. मात्र दोन-तीन वाक्यांवर थांबावे. कोणी "नमुना म्हणून दोन पाने फुकट करून द्या" म्हणाला तर नकार द्यावा. अपवर्कच्या नियमांतही असे फुकट काम मागायला मनाई आहे.

दर कमी करावा काय?

वडिलांचे म्हणणे होते की पोरगी नवी आहे, तिने 60 डॉलर मागावेत, स्वस्त म्हणून तरी काम मिळेल. आपल्याकडे बाजारात माल पडून राहिला की भाव पाडतात, त्यातला हा विचार. आम्ही वहीवर हिशेब मांडला.

पेढी आपली दलाली कापून घेते. ती किती, ते त्या कामाचा अर्ज भरतानाच दिसते. हिशेबापुरते शेकडा 10 धरू. 200 डॉलरमधून 20 गेले, राहिले 180. आठ दिवसांना भागले तर दिवसाला साडेबावीस डॉलर पडतात. 60 डॉलर मागितले तर दलाली जाऊन 54 राहतात, म्हणजे दिवसाला पावणेसात. एवढ्या पैशात शब्दांची यादी, शेतकऱ्यांना वाचून दाखवणे, क्रमांक ताडणे हे सारे परवडणार नाही. मग तेच गाळले जाईल आणि काम मागच्या भाषांतरासारखेच होईल.

शिवाय त्या माणसाने 200 हा आकडा स्वतःच लिहिला होता. एकदा स्वस्त भाषांतराने हात पोळलेला माणूस 60 डॉलरचा अर्ज पाहून खूश होत नाही, त्याला शंका येते. म्हणून दर तसाच ठेवून त्याची जोखीम कमी करून दिली. 6000 शब्दांतले देखभालीचे प्रकरण साधारण 1500 शब्दांचे असावे असा आमचा अंदाज होता, म्हणजे चौथा हिस्सा. पैसेही चौथा हिस्सा, 50 डॉलर. त्याला पूर्ण रक्कम पणाला न लावता माणूस पारखता आला, आणि मुलीला कमी दरात अडकावे लागले नाही.

जाहिरातीत रक्कम दिलेली नसेल तेव्हा असाच दिवसांचा हिशेब आधी मांडावा आणि मग आकडा लिहावा. शेजाऱ्याने किती मागितले यावरून लिहू नये.

चांगला अर्ज लिहूनही उत्तर आले नाही तर

तसेही होते, आणि पुष्कळदा होते. प्रत्येक वेळी दोष अर्जाचाच असतो असे नाही. म्हणून तिकिटे खर्च करण्यापूर्वी जाहिरातीच्या बाजूची माहिती पाहण्याची सवय लावावी. आतापर्यंत किती अर्ज आले त्याचा अंदाज तेथे दिलेला असतो: पाचपेक्षा कमी, वीस ते पन्नास, पन्नासच्या वर असा. काम देणाऱ्याने जाहिरात शेवटची केव्हा उघडून पाहिली, किती जणांशी त्याचे बोलणे चालू आहे, त्याच्या पैसे देण्याच्या साधनाची पडताळणी झाली आहे काय, यापूर्वी त्याने किती जणांना काम दिले, हेही दिसते. पन्नासच्या वर अर्ज, चार-पाच जणांशी बोलणे सुरू आणि जाहिरात आठवड्यापूर्वीची, अशा ठिकाणी उत्तम अर्जसुद्धा बहुधा न वाचताच राहतो. ताजी जाहिरात, थोडे अर्ज आणि पूर्वी लोकांना काम दिलेला माणूस, येथे वेळ घालवावा.

आपला दोष कोठे आहे तेही ओळखता येते. वहीत प्रत्येक अर्जाची नोंद ठेवावी: तारीख, जाहिरात, पहिली ओळ, दर, काय झाले. योग्य जाहिरातींना दहा-बारा अर्ज गेले आणि एकाचाही निरोप आला नाही, तर बहुधा पहिल्या ओळी लागत नाहीत. निरोप येतात, बोलणे होते, पण काम दुसऱ्याला जाते, तेव्हा पहिल्या ओळी ठीक आहेत. मग पुरावा, दर किंवा बोलण्यात कोठे कमी पडतो ते पाहावे. पिवळे पान दिसले की सरसकट युरिया टाकू नये, आधी कारण शोधावे, तसेच हे.

एक सावधगिरी मात्र घरातल्या सर्वांनी पाळावी. काम देण्यापूर्वी अनामत मागणारा, नोंदणी फी मागणारा, किंवा करार होण्याआधीच "टेलिग्रामवर या, तेथे बोलू" म्हणणारा माणूस काम देणारा नसतो. त्याला उत्तरच देऊ नये. ठरीव रकमेच्या कामात पहिल्या टप्प्याचे पैसे पेढीकडे जमा झाल्याचे दिसल्याशिवाय कामाला हात लावू नये. एखाद्या जाहिरातीत कामाचे नेमके वर्णनच नसेल, शब्द किती, फाइल कोणती, वापरणार कोण, यांतले काहीच नसेल आणि नुसता मोठा पगार लिहिला असेल, तर तेथे नेमकी पहिली ओळ लिहिताच येणार नाही. तसे झाले की समजावे, ती जाहिरातच सोडून द्यावी.

आता त्या मुलीच्या अर्जाचे काय झाले ते सांगतो. तिसऱ्या दिवशी निरोप आला. त्यात त्याने आधी तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले होते: दोन्ही शब्द एकाच नळीचे आहेत, आमच्या इंग्रजी पुस्तिकेतच ती चूक राहिली आहे. पूर्ण काम त्याने लगेच दिले नाही. फक्त देखभालीचे प्रकरण दिले, 50 डॉलरला. ते विक्रेत्यांकडे गेले, त्यांनी तीन शब्द बदलायला सांगितले आणि मग उरलेले काम तिला मिळाले. त्यानंतरचे तिचे सगळेच अर्ज लागले असे मुळीच नाही. पुढच्या पाच अर्जांत एकच काम आले. पण आता ती दिवसाला सहा अर्ज टाकत नाही. आठवड्याला दोन-तीन टाकते, आणि प्रत्येकासाठी जाहिरात दोनदा वाचून, जोडपत्र उघडून, सुमारे तासभर देते.

आपल्या घरी कोणी असे अर्ज टाकत असेल, तर त्याचा शेवटचा अर्ज आज रात्री जेवणे झाल्यावर मोठ्याने वाचायला सांगावे. जाहिरात वाचून दाखवू नये, फक्त अर्ज वाचावा. पहिल्या दोन ओळी ऐकून घरच्यांना काम कशाचे आहे आणि काम देणाऱ्याची अडचण कोणती आहे हे ओळखता आले, तर अर्ज पाठवण्याजोगा आहे. ओळखता आले नाही, तर दोन ओळी खोडून जाहिरात पुन्हा पुढ्यात घ्यावी.